नट दुप्पट फिरवून रिंग निम्म्या दिवसांत निघत नाही

«इलिझारोव्ह रिंगमध्ये रोज १ ऐवजी २ मिमी हाड ओढलं तर रिंग निम्म्या वेळात निघते. दुखत नसेल तर काही बिघडत नाही. पोकळी राहिलीच तर हाड नंतर आपोआप भरतं.»

असं सांगितलं जातं, पण ते खरं नाही. इलिझारोव्ह रिंग म्हणजे हाडातून जाणाऱ्या तारांनी पायाभोवती बसवलेली धातूची चौकट. तिचे नट फिरवून कापलेल्या हाडाची टोकं हळूहळू लांब नेतात आणि मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आधी दिवसांचा हिशोब करू. समजा, नडगी ४ सेंमी वाढवायची आहे. हाड कापल्यावर साधारण ७ दिवस थांबतात, मग रोज १ मिमीप्रमाणे ४० दिवस ताणतात. त्यानंतरही रिंग पायावरच राहते, कारण मधलं नवं हाड कच्चं असतं. ते पक्कं व्हायला ताणण्याच्या सुमारे दुप्पट काळ जातो, मोठ्या माणसांत कधी त्याहून जास्त. म्हणजे सगळे मिळून चार ते सहा महिने. वेग दुप्पट केला तर यातले फक्त २० दिवस वाचतात, आणि तेही नवं हाड चांगलं आलं तरच.

ते का येत नाही, हे ही पद्धत काढणारे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी खुद्द सायबेरियातल्या कुर्गानला कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं. रोज अर्धा मिमी ओढलं तर हाड बरेचदा वेळेआधीच जुळायचं, त्यामुळे फार सावकाश जाणंही बरं नाही. २ मिमीला नव्या रक्तवाहिन्यांना त्या वेगाने वाढता येत नव्हतं आणि फटीत हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरायचं. आणखी एक गोष्ट लोकांपर्यंत पोचतच नाही: तोच १ मिमी एकदम ओढण्यापेक्षा चार वेळा पाव-पाव मिमी ओढला तर हाड जास्त चांगलं येतं. रिंगा जोडणाऱ्या नेहमीच्या रॉडचा आटा १ मिमीचा असतो, म्हणून दर सहा तासांनी नट पाव फेरा फिरवायला सांगतात. रात्रीचा चुकलेला फेरा सकाळी दुप्पट करून भरून काढू नका, डॉक्टरांना विचारा.

दुखण्यावरून तर हाडाचं काहीच कळत नाही. ते एक्स-रेत दिसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला दोन्ही टोकांकडून मध्याकडे येणाऱ्या पुसट उभ्या रेघा दिसाव्यात आणि मधोमध काही मिमीचा काळा पट्टा असावा. पट्टा रुंदावत चालला किंवा नवं हाड मध्ये डमरूसारखं बारीक झालं तर वेग कमी करतात, गरज पडल्यास थांबतात. नट फिरवूनही फट तेवढीच, तारा मात्र वाकलेल्या, असं दिसलं तर हाड लवकर जुळत आहे. पायाकडेही बघा. टाच टेकेनाशी झाली, अंगठा वर उचलता येईना किंवा मुंग्या थांबेनात, तर स्नायू आणि नसांना ताण सोसत नाही. त्याच दिवशी दाखवा.

राहिली पोकळी. रिंग सहसा तेव्हाच काढतात, जेव्हा समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंत दिसणाऱ्या चार कडांपैकी निदान तीन सलग झालेल्या असतात. त्याआधी काढली तर नवं हाड वाकतं किंवा मोडतं. पोकळीत हाड धरतच नसेल तर ताणलेलं अंतर पुन्हा दाबून आणतात आणि नंतर सावकाश उघडतात. तेवढ्यानेही जमलं नाही तर कमरेच्या हाडातून कलम घेऊन तिथे भरावं लागतं, म्हणजे आणखी एक ऑपरेशन आणि रिंगचे आणखी काही महिने.