महिन्याला एक की तीन? तुरळक खपाच्या मालावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की तुरळक खपाच्या मालाचा अंदाज महिन्याच्या सरासरीवर धरा, आणि तो मेपने, म्हणजे चुकीच्या सरासरी टक्केवारीने, न तपासता बायसने तपासा, म्हणजे एकूण अंदाज विक्रीपेक्षा किती वर किंवा खाली गेला ते बघा. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«भाऊ, तुमचा मागचा लेख पटला नाही. आमचं रावेरला सबमर्सिबल पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एका थ्रस्ट बेअरिंगची जून ते मे विक्री अशी: ०, ०, ०, ०, ३, ०, २, ०, ०, ४, ०, ३. तुमच्या हिशेबाने अंदाज महिन्याला १. पण एकच नग गेला असा महिनाच नाही! मी ३ धरतो. विक्री झालेल्या महिन्यांवर मेप काढला तर माझा १९ टक्के येतो, तुमचा ६५. मेप नको असेल तर वेप घ्या, पण बायस कशाला? त्यात कमी-जास्त चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आणि आमच्या शेठना टक्केच कळतात.»

नमस्कार भाऊ. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. आता हवेत बोलायला नको, याच बारा महिन्यांवर बोलू.

तुमचे १९ आणि माझे ६५ टक्के, दोन्ही बरोबर आहेत. मेप काढताना चुकीला त्या महिन्याच्या विक्रीने भागावं लागतं, आणि विक्री शून्य असेल तर भागाकारच होत नाही. म्हणून तुम्ही ते आठ महिने बाजूला ठेवलेत. काही सॉफ्टवेअरही गुपचूप तेच करतात. पण तुमच्या ३ च्या अंदाजाची चूक नेमकी त्याच आठ महिन्यांत आहे. प्रत्येक महिन्यात ३ नग जास्त धरलेत, म्हणजे २४ नगांची चूक, आणि ती मोजायच्या आधीच वहीतून बाहेर गेली. उरलेल्या चार महिन्यांत ३ हा आकडा चांगला दिसणारच. असा मेप एवढंच सांगतो की गिऱ्हाईक आलं तर साधारण किती नग नेतं. ते येतं किती वेळा, हे तो पाहतच नाही.

काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून सुधारित मेप वापरतात, ज्यात भागाकार अंदाज आणि विक्री यांच्या सरासरीने होतो. त्याने गणित सुटतं, पण विक्री शून्य असली की चूक २०० टक्केच येते, अंदाज ३ चा असो की ०.१ चा. त्यामुळे तोही कामाचा नाही.

आता वेप. इथे जरा थांबू, कारण तुमच्यासारख्या जाणत्या माणसांनाही हा उपाय पुरेसा वाटतो. वेपमध्ये सगळ्या महिन्यांच्या चुकांची बेरीज करून तिला एकूण विक्रीने भागतात. शून्याने भागायची भानगड राहत नाही, एकही महिना सुटत नाही. मग तुमच्या मालावर तो लावून बघू. एकूण विक्री १२ नग. तुमच्या ३ च्या अंदाजाची एकूण चूक २६ नग, म्हणजे २१७ टक्के. माझ्या १ ची चूक १६ नग, १३३ टक्के. आणि समजा कुणी बाराही महिने अंदाज शून्य धरला, तर त्याची चूक १२ नग, बरोबर १०० टक्के. म्हणजे वेपच्या मते सगळ्यात चांगला अंदाज शून्य, हे बेअरिंग मागवूच नका!

हा तुमच्या आकड्यांचा योगायोग नाही. नुसत्या चुकांची बेरीज (उणे-अधिक न बघता) सगळ्यात कमी येते ती अंदाज मधल्या आकड्यावर ठेवला की. तुमचे बारा आकडे चढत्या क्रमाने लावा. आठ शून्यं आधी येतात, म्हणजे मधला आकडा शून्यच. जो माल निम्म्याहून जास्त महिने खपत नाही, त्या प्रत्येक मालावर वेप शून्याकडेच ओढणार. हाइंडमन आणि कोहलर या संशोधकांनी २००६ मध्ये सुचवलेला मेस हे मापही शेवटी तीच चूक एका ठराविक आकड्याने भागतं. त्यामुळे वेगवेगळ्या मालांची तुलना सोपी होते, पण शून्याची ओढ सुटत नाही.

प्रत्येक महिन्याच्या चुकीचा वर्ग केला, म्हणजे तिला तिनेच गुणलं, की चित्र बदलतं, कारण वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येते ती सरासरीवर. शून्याच्या अंदाजाला ३८, तुमच्या तीनला ७४, आणि महिन्याला एकला २६. अंदाज बांधण्याच्या २०२० च्या एम५ स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीचे आकडे होते आणि त्यात तुरळक खपाचा माल भरपूर होता. तिथे अचूकतेसाठी वर्गावर आधारलेलं माप निवडलं होतं, ते याच कारणाने.

राहिला बायस. चुका एकमेकींना खातात हा तुमचा आक्षेप खरा आहे. बाराच्या बारा नग जूनमध्ये धरले तरी वर्षअखेरीस बायस शून्यच येईल. म्हणून मी त्याला एकटं सोडत नाही, वर्गाच्या चुकीसोबत बघतो, आणि वर्षाचा एकच आकडा न घेता दर महिन्याची चालती बेरीज ठेवतो: आतापर्यंतचा अंदाज वजा आतापर्यंतची विक्री. महिन्याला १ धरलं तर ती सप्टेंबरला ४, ऑक्टोबरला २, फेब्रुवारीला पुन्हा ४, मार्चला १ आणि मेला ० येते. वर जाते, खाली येते. तुमच्या ३ ची बेरीज सप्टेंबरलाच १२ होते, विक्री झाली तरी फारशी उतरत नाही, आणि मेला २४ वर जाते. शून्याच्या अंदाजाची नुसती खाली उतरत उणे १२ वर येते. बेरीज एकाच दिशेला सरकत राहिली की अंदाज एका बाजूला कललेला आहे. इथे चुकांनी एकमेकींना खाणं हेच आपल्याला तपासायचं असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. हा १ मी याच वर्षाच्या आकड्यांतून काढला आहे, म्हणून त्याचा बायस शून्य येणं ठरलेलंच होतं. खरी परीक्षा पुढच्या बारा महिन्यांवर. शिवाय जून ते सप्टेंबरची चारही शून्यं पावसाळ्याची असू शकतात, तेव्हा केळीला पंप कमी चालतो. आणखी दोन वर्षांच्या वह्यांत तेच दिसलं तर पावसाळा वेगळा काढा. मग उरलेल्या आठ महिन्यांचा अंदाज महिन्याला दीड होतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, एक नग कधीच जात नाही. बरोबर आहे. रिवाइंडिंगचा मिस्त्री येतो तो दोन-तीन-चार नग एकदमच नेतो. पण तुमचा ३ हा महिन्याचा खप नाही, रॅकवर किती ठेवायचं त्याचा आकडा आहे, आणि तसा तो उत्तम आहे. कंपनीकडून माल यायला महिना लागतो असं धरा, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला रॅकवर ३ नग असतील असं बघा. तुमच्या बारापैकी फक्त मार्चमध्ये एक नग कमी पडला असता. म्हणजे १२ पैकी ११ नग गिऱ्हाईकाला हातोहात मिळाले असते. रॅकवर एकच ठेवला असता तर १२ पैकी ४ च.

गडबड होते ती हाच ३ सॉफ्टवेअरच्या 'मासिक अंदाज' या रकान्यात टाकल्यावर. ते बिचारं वर्षाला ३६ नगांची खरेदी सुचवतं, खपतात १२, आणि शेठचे पैसे २४ बेअरिंगांत अडकतात. खरेदीच्या रकान्यात १ टाका आणि त्याला बायस व वर्गाच्या चुकीने तपासा. रॅकच्या रकान्यात ३ टाका आणि त्याला मेपने नव्हे, किती नग हातोहात देता आले यावर तपासा.

शेठना टक्के हवेत तर दोन टक्के दाखवा. बायसला वर्षाच्या विक्रीने भागलं की तुमच्या ३ चा येतो अधिक २०० टक्के, म्हणजे खपला त्याच्या तिप्पट माल मागवला गेला. आणि रॅकवर ३ ठेवल्यास मागणीतले ९२ टक्के नग वेळेवर दिले गेले. पुढच्या वर्षी शेठ हे ९२ चे १०० करा म्हणाले तर रॅकवर ४ ठेवावे लागतील. त्या एका जादा नगात पैसे अडकवायचे की नाही हे त्यांना त्याची किंमत बघून ठरवता येईल.