सोनोग्राफीचा रिपोर्ट निर्दोष कसा लिहावा

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट लिहिणे हे आपले काम असेल, तर पहिला नियम ध्यानात ठेवावा. जे नीट दिसले नाही, त्याविषयी कागदावर अवाक्षर काढू नये. तपासताना मात्र मोकळेपणाने बोलावे. माझ्या थोरल्या भावाच्या कमरेतून जांघेकडे कळा येत होत्या, म्हणून आम्ही नुकतेच एका केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जेली लावून यंत्राचा प्रोब पोटावर दाबला आणि ‘गॅस फार आहे हो, मधलं काहीच दिसत नाही’ असे आमच्यादेखत दोनदा म्हटले. लघवीची पिशवी रिकामी असल्याचेही तेच म्हणाले. थोड्या वेळाने हाती पडलेल्या रिपोर्टात ना गॅस होता, ना रिकामी पिशवी. तिथे लिहिले होते : ‘दोन्ही मूत्रवाहिन्या नॉर्मल. खडा नाही.’

दुसरा नियम असा, की संगणकात तयार मसुदा ठेवावा आणि त्यातील ‘नॉर्मल’ हा शब्द रुग्ण पाहून बदलण्याच्या फंदात पडू नये. शस्त्रक्रियेने पित्ताशय काढून टाकलेल्या माणसाचे पित्ताशयही मग नॉर्मल निघते.

मूत्रवाहिनीच्या बाबतीत तर हा मसुदा फारच सोयीचा आहे. मोठ्या माणसात ही नळी साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. मूत्रपिंडाजवळचे तिचे वरचे टोक सोनोग्राफीत बहुधा सापडते, आणि पिशवी भरलेली असेल तर खालचे टोकही दिसू शकते. मधला लांबलचक भाग आतड्यांमागे असतो, आणि आतड्यातील वायूतून ध्वनिलहरी पलीकडे पोहोचत नाहीत. शिवाय नळी फुगलेली नसेल, तर ती या तपासणीत सहसा दिसतच नाही. म्हणजे ‘नळी नॉर्मल आहे’ या विधानाचा खरा अर्थ पुष्कळदा ‘नळी फुगलेली आढळली नाही, बाकी देव जाणे’ एवढाच असतो. तो अर्थ आपल्यापाशीच ठेवावा.

तिसरा नियम शेवटच्या निष्कर्षाचा. पुढचा डॉक्टर गर्दीच्या वेळी तेवढेच वाचतो, हे आपल्याला ठाऊक असतेच. तेव्हा मर्यादा लिहिण्याची उबळ आवरतच नसेल, तर ती मजकुरात मध्येच कुठेतरी दडवावी आणि निष्कर्षात ‘विशेष दोष नाही’ असे ठसठशीत लिहावे.

यापुढे आपल्याला काहीच करावे लागत नाही, कागद आपोआप चालू लागतो. आमच्या डॉक्टरांनी ‘खडा नाही’ हे वाचून दुखणे स्नायूंचे ठरवले आणि शेकायला सांगितले. त्यांच्या चिठ्ठीत ‘सोनोग्राफीत खडा नाही’ असे उतरले. रात्री कळा वाढल्यावर ज्या रुग्णालयात धावलो, तिथे ती चिठ्ठी पाहून ‘खड्याची शंका दूर झालेली’ अशी नोंद झाली. कोणी खोटे बोलले नाही, फक्त ‘दिसले नाही’चे ‘नाही’ झाले आणि ‘नाही’ची खात्री झाली. मूत्रपिंडाला सूज नव्हती हाही पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. अडथळा नवा असताना सूज दिसायला वेळ लागू शकतो, हे कोणाला आठवले नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ‘मधला भाग पाहिला होता का?’ असे विचारले आणि कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी स्कॅन करायला लावला. सहा मिलिमीटरचा खडा नेमका त्या न दिसलेल्या भागात बसलेला होता.

आता उपदेश पुरे. गॅस तुम्ही घातला नव्हता, पिशवी तुम्ही रिकामी केली नव्हती आणि ध्वनिलहरींच्या मर्यादेबद्दल तुम्हाला कोणी जाब विचारणार नव्हते. खडा दिसला नाही याचा राग नाहीच. पाहता आले नाही हे तोंडाने सांगता, मग तेच लिहिताना हात का आखडतो? ‘रिपोर्ट अपुरा वाटेल’ म्हणून? तो अपुराच होता! पूर्ण असल्याचा आव आणून तुम्ही पुढच्या तीन जणांचे डोळे बांधलेत, आणि कळवळणाऱ्या माणसाला शेकत बसवलेत. तुम्हाला लिहायचे होते ते एवढेच : ‘आतड्यातील वायूमुळे दोन्ही मूत्रवाहिन्यांचा मधला भाग दिसला नाही, आणि मूत्राशय रिकामे असल्याने खालच्या टोकाची तपासणी होऊ शकली नाही. या भागांत खडा नाही असे या तपासणीवरून म्हणता येत नाही. दुखणे कायम राहिल्यास कॉन्ट्रास्टशिवाय सीटी स्कॅन करावा.’ हे निष्कर्षात लिहायचे, मजकुराच्या पोटात नव्हे. आणि पिशवी रिकामी होती, तर पाणी पाजून तासाभराने पुन्हा बोलवायचे होते. आम्ही बाहेरच्या बाकावरच बसलो होतो.