आयमारा आजींच्या गोष्टीबद्दल छोटा खुलासा

"सत्यघटना! अँडीजमधल्या आयमारा भाषेत भविष्यकाळच नाही, म्हणून ते लोक उद्याची चिंता करत नाहीत."

असा मेसेज फिरतोय. ही सत्यघटना नाहीये, माझी कथा आहे, आणि कुणीतरी शेवट कापून फिरवलीय. कथेत संशोधक बाई वहीत 'सार्ता = मी जाते' असं लिहून बाजूला वर्तमानकाळ असा शिक्का मारते, आणि मग आजी बटाटे सोलता सोलता 'मासुरु सार्ता' म्हणते, म्हणजे काल गेले. रूप तेच! मूळ फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं आहे बघा, आत्ताचं आणि नुकतंच घडलेलं एकाच रूपात चालतं आणि स्वतंत्र रूप असतं ते भविष्याचंच. हे मी आयमाराच्या व्याकरणातून घेतलंय, आजी मात्र काल्पनिक.

गोंधळ बहुतेक हातवाऱ्यांमुळे झाला असावा. 'नायरा' म्हणजे डोळा, पुढचं आणि भूतकाळही, 'खिपा' म्हणजे मागचं आणि भविष्यही, त्यामुळे वयस्कर आयमारा लोक पुढच्या दिवसांबद्दल बोलताना खांद्यामागे हात दाखवतात. २००६ मध्ये नुन्येझ आणि स्वीट्सर या संशोधकांनी हे अभ्यासून छापलंय, स्पॅनिश सफाईने बोलणारी तरुण मंडळी तर पुढेच हात करतात. पण हात मागे गेला म्हणजे काळच नाही असं कसं?

माझ्या पहिल्या पोस्टवर 'काल्पनिक' लिहायचं राहिलं, ती चूक माझीच. तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका प्लीज, पाठवला असेल त्या ग्रुपवर हा टाका.