अलेक्झांड्राइट रंग बदलतो, म्हणून तो अस्सल ठरतो का?

«खरा अलेक्झांड्राइट घरच्या घरी ओळखा! उन्हात हिरवा आणि बल्बखाली लाल दिसला की खडा शंभर टक्के अस्सल. बल्बच्या उष्णतेने खडा तापतो आणि आतला रंग बाहेर येतो. मोबाइलच्या टॉर्चखाली लाल झाला नाही तर समजा फसवणूक झाली. हातात फिरवताना दोन रंग दिसले तरी चालते.»

हा संदेश ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गटात तीनदा आला. त्यातील दुसऱ्या विधानापासून सुरुवात करतो, कारण रंग का बदलतो हे एकदा समजले की बाकीची विधाने कुठे चुकतात ते सहज दिसते.

उष्णतेचा येथे काहीही संबंध नाही. वैशाखातल्या दुपारी गच्चीवर ठेवलेला खडा हाताला चटका बसेल इतका तापतो, तरी हिरवाच राहतो. उलट जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब हातभर अंतरावर धरला तर थंड खडासुद्धा तत्क्षणी तांबूस दिसतो आणि बल्ब विझवून खिडकी उघडताच पुन्हा हिरवा होतो. खडा तापण्या-निवण्याला जो वेळ लागायला हवा, तो इथे लागतच नाही.

खरे कारण क्रोमियम हे आहे. अलेक्झांड्राइट हा क्रायसोबेरिल या खनिजाचा एक प्रकार आहे. आपल्याकडचा लसण्या याच खनिजाचा. त्यातील काही ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियमचे अणू बसलेले असतात. माणकाचा लाल रंग आणि पाचूचा हिरवा रंगही बहुतेक वेळा क्रोमियमचाच असतो, ही गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. फरक पडतो तो भोवतालच्या ऑक्सिजनच्या अणूंची पकड किती घट्ट आहे यामुळे. माणकात ती घट्ट असते आणि क्रोमियम साधारण 550 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून उरतो तो लाल. पाचूत पकड सैल असते, शोषणाचा पट्टा 600 नॅनोमीटरकडे म्हणजे नारिंगी-लाल बाजूला सरकतो आणि हिरव्याला मोकळी वाट मिळते. अलेक्झांड्राइटमधला पट्टा या दोहोंच्या मधोमध, 570 ते 580 नॅनोमीटरच्या आसपास पडतो. जांभळ्या बाजूचा दुसरा पट्टा 420 च्या जवळ असतो. परिणामी या खड्यातून प्रकाशाला बाहेर पडायला दोन वाटा मिळतात, एक निळसर-हिरवी आणि दुसरी गडद लाल, आणि त्या जवळजवळ सारख्याच रुंदीच्या असतात.

आता कोणत्या वाटेने जास्त प्रकाश येईल, हे खड्यावर पडणाऱ्या प्रकाशात काय आहे यावर ठरते. दिवसाच्या उजेडात निळा, हिरवा आणि लाल हे सारे रंग बऱ्यापैकी समप्रमाणात असतात, आणि आपला डोळा हिरव्याला लालपेक्षा अधिक संवेदनशील असल्याने पारडे हिरव्याकडे झुकते. आषाढातल्या ढगाळ दुपारी उजेड आणखी निळसर असतो, म्हणून तेव्हा खडा सर्वांत हिरवा दिसतो. तारेच्या बल्बमध्ये मात्र निळा प्रकाश अगदी थोडा असतो आणि लालकडे जाताना प्रकाश सतत वाढत जातो. लाल वाटेने इतका प्रकाश येतो की डोळ्याचा हिरव्याकडील कल मागे पडतो. एरवी पिवळ्या बल्बखालीही पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो, कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग वजा करून घेतात. साध्या हिरव्या खड्यावर म्हणूनच उजेड बदलल्याचा परिणाम जाणवत नाही. अलेक्झांड्राइटमध्ये तोल इतका नाजूक असतो की ही वजाबाकी अपुरी पडते.

एवढे लक्षात घेतले की मोबाइलच्या टॉर्चचे विधान उलटे पडते. टॉर्चचा दिवा पांढरा एलईडी असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो बनवतात. त्याचा उजेड दिवसाच्या उजेडाला जवळचा असतो आणि 650 नॅनोमीटरपलीकडचा गडद लाल त्यात फारच थोडा असतो. त्यामुळे टॉर्चखाली अस्सल अलेक्झांड्राइट हिरवाच राहिला पाहिजे, आणि टॉर्चखाली न बदलल्याबद्दल दुकानदाराशी भांडायला जाणे म्हणजे चांगल्या खड्यावर अन्याय करणे होय. पिवळसर एलईडीचा घोटाळा अधिक फसवा आहे. खोक्यावर 2700 केल्विन लिहिलेले असते आणि खोली अगदी जुन्या बल्बसारखी दिसते, पण त्या दिव्याचा जोर बहुधा 600 च्या आसपास असतो, म्हणजे खड्याच्या शोषणपट्ट्याच्या काठावरच. गडद लाल भागात तो पुन्हा कमी पडतो. अशा उजेडात चांगला खडा राखाडी, मलूल, ना हिरवा ना लाल असा दिसतो. नौपाड्यातल्या नव्या दुकानांत आता जिकडेतिकडे एलईडीच असल्यामुळे तिथल्या दिव्याखाली रंगबदल कमी दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नये.

घरात तारेचा बल्ब उरला नसेल तर देवघरातले निरांजन उत्तम काम देते, कारण ज्योतीचा प्रकाश बल्बपेक्षाही लाल असतो. बाकीचे सर्व दिवे मात्र बंद करावेत. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबचा उजेड दारातून आला तरी निकाल बिघडतो. आणि हे डोळ्यांनी पाहावे, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून नव्हे. कॅमेरा उजेडाचा रंग आपोआप सुधारतो, त्यामुळे नसलेला बदल चित्रफितीत दिसू शकतो आणि असलेला पुसला जातो. संदेशासोबत फिरणाऱ्या चित्रफितीचे मोल मी यामुळेच शून्य धरतो.

फिरवून दोन रंग दिसण्याचा मुद्दा थोडक्यात. उजेड तोच ठेवून खडा फिरवल्यावर रंग बदलत असेल तर तो बहुवर्णता नावाचा वेगळा गुण आहे: स्फटिकाच्या वेगवेगळ्या दिशांना शोषण वेगवेगळे असते. अलेक्झांड्राइटमध्ये हा गुणही आहे, पण अँडॅल्युसाइटसारख्या खड्यातही हिरवा आणि तांबूस-तपकिरी असे दोन रंग फिरवल्याने दिसतात, आणि त्याचा उजेडाशी काही संबंध नसतो. तपासताना खडा चिमट्यात अजिबात न हलवता फक्त दिवा बदलावा.

राहिले पहिले विधान, आणि खरे नुकसान तेच करते. गेल्या पावसाळ्यात खारघरच्या ओळखीच्या काकू एक अंगठी घेऊन आल्या. «अहो, दुकानदाराने माझ्यासमोर बल्ब लावून दाखवलं, अगदी डोळ्यांदेखत रंग बदलला!» असे त्या म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. खिडकीशी धरल्यावर खडा राखाडी-निळा दिसला, निरांजनाजवळ जांभळट गुलाबी. पहिली शंका इथेच आली. अलेक्झांड्राइट दिवसा हिरवा किंवा निळसर हिरवा असतो, बल्बखाली तांबूस किंवा जांभळट लाल, आणि निसर्गात मिळणाऱ्या बहुतेक खड्यांचा बदल अर्धवट, थोडा मळकट असतो. दिवसा निळा-राखाडी आणि रात्री जांभळा ही जोडी सहसा व्हॅनेडियम घालून कारखान्यात बनवलेल्या कुरुंदाची असते. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, तेच हे खनिज. गेल्या शतकापासून तो अलेक्झांड्राइट या नावाने विकला जात आहे.

संशयावर थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून काकूंच्या परवानगीने सोनाराकडून खडा कोंदणातून मोकळा करून घेतला. कॅरेटच्या काट्यावर त्याचे वजन 4.12 कॅरेट भरले. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि खडा बारीक धाग्याला बांधून पाण्यात असा सोडला की तो पूर्ण बुडेल, पण तळाला वा भिंतीला टेकणार नाही. काट्यावर उमटले 1.03. खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे हे वजन. 4.12 ला 1.03 ने भागले की 4.00 येते, आणि ती कुरुंदाची घनता आहे. अलेक्झांड्राइटची घनता 3.73 च्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या अलेक्झांड्राइटने 1.10 दाखवले असते. फरक 0.07 कॅरेटचा, म्हणून निष्काळजीपणा चालत नाही: खड्याला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा निकाल फिरवतो. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा 1.03 किंवा 1.04 आले. 1.04 धरले तरी घनता 3.96 येते, अलेक्झांड्राइटच्या बरीच वर.

त्यानंतर दहापट भिंगातून पाहिले. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून, उजेड मागून घेऊन, सावकाश कलता केला तेव्हा एका कोनात आत बारीक वक्र रेषा दिसल्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांसारख्या. ज्वालेत वितळलेली भुकटी थेंबाथेंबाने साचत जाऊन स्फटिक वाढवला की अशा वक्र रेषा उरतात. निसर्गात वाढलेल्या स्फटिकातल्या रेषा सरळ असतात किंवा कोनात वळतात. इथे काही सांगायचे उरले नाही, तरी काकूंना ते समजावून सांगणे मला सर्वांत अवघड गेले.

या वजनाच्या चाचणीची मर्यादा मात्र संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. कारखान्यात बनवलेला रंगबदल्या स्पिनेल 3.64 घनतेचा असतो आणि एवढ्या लहान खड्यात तो अलेक्झांड्राइटपासून घरच्या काट्यावर वेगळा काढता येईलच असे नाही. रंग बदलणाऱ्या काही गार्नेटची घनताही जवळपास येते. ते निसर्गातलेच असतात, पण अलेक्झांड्राइट नसतात. आणि प्रयोगशाळेत वाढवलेला अलेक्झांड्राइट तर रंग, घनता, कठीणपणा या सर्व बाबतींत खाणीतल्या खड्यासारखाच असतो, कारण तो खरोखरच क्रोमियमयुक्त क्रायसोबेरिल असतो. उन्हात तो हिरवा दिसतो, बल्बखाली लाल दिसतो, आणि बऱ्याचदा खाणीतल्या खड्यापेक्षा सुंदर बदलतो. त्याला ओळखायचे तर सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या खुणा पाहाव्या लागतात, आणि खडा अगदी स्वच्छ असेल तर आणखी यंत्रे लागतात. ते काम रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे, देवघरातल्या निरांजनाचे नव्हे.

म्हणून मोठी रक्कम देण्याआधी खडा मोकळा असतानाच परीक्षणाला द्यावा आणि अहवालात दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहिल्या आहेत का ते पाहावे: खनिज कोणते, क्रायसोबेरिल की कुरुंद की आणखी काही, आणि तो नैसर्गिक की कृत्रिम. काकूंच्या बिलावर यांपैकी एकही गोष्ट नव्हती. तिथे फक्त «अलेक्स स्टोन, रंग बदलणारा» असे लिहिले होते.