कपाळावरची नागीण आणि डोळा: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«कपाळावर नागीण आली तर घाबरू नका. पंधरा दिवसांत ती आपोआप जाते, गोळ्यांनी काही फरक पडत नाही. वरून मलम लावा. डोळा लाल झाला तरच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.»

फोड सुकतात, हे खरं. पण कपाळावरची नागीण म्हणजे निव्वळ कातडीचं दुखणं नव्हे. कांजिण्यांचा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून असतो. तो जागा झाला की त्या तंतूच्या वरच्या शाखेतून बाहेर येतो, आणि हीच शाखा कपाळ, वरची पापणी आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा या सगळ्यांना संवेदना पुरवते. उपचार न केल्यास अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या डोळ्याला त्रास होतो.

गोळ्यांनी फरक पडत नाही, हे चूक. या गोळ्यांतलं औषध, असायक्लोव्हिर, विषाणूला स्वतःच्या प्रती काढू देत नाही. झालेली इजा मात्र ते भरून काढत नाही, म्हणून घाई. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या गोळ्यांनी डोळ्यातल्या गुंतागुंतीचं प्रमाण बरंच खाली येतं. समजा, सोमवारी एका बाजूच्या कपाळात जळजळ सुरू झाली आणि बुधवारी सकाळी फोड दिसले. घड्याळ बुधवारपासून चालू होतं, म्हणजे शनिवार सकाळपर्यंत वेळ आहे. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर तो कमी करतात. शनिवार उलटला तरी नवे फोड येत असतील किंवा डोळ्याला झळ पोहोचली असेल तर गोळ्या सुरू करतातच. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना हेच औषध शिरेतून द्यावं लागू शकतं.

मलम मुळाशी बसलेल्या विषाणूपर्यंत पोहोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालणं. काही रुग्णांना डॉक्टर तेच थेंब देतात, पण तपासून आणि डोळ्याचा दाब मोजत.

आता सगळ्यात घातक वाक्य: डोळा लाल होईपर्यंत थांबा. आधी नाक बघा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड असतील तर डोळाही तडाख्यात सापडण्याची शक्यता खूप वाढते, कारण नाकाचा तो भाग आणि डोळा एकाच उपशाखेवर आहेत. हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी ही खूण एकोणिसाव्या शतकातच नोंदवली होती. नाक स्वच्छ असलं म्हणजे डोळा सुटला असंही नाही. आतली सूज फोड सुकू लागल्यावर, एकदोन आठवड्यांनीही येते. शिवाय पारदर्शक पडदा बधिर होतो, त्यामुळे त्यावर जखम झाली तरी दुखतच नाही. न दुखणारा डोळा इथे फसवतो. उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, डोळ्यात खोल ठणका यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी. आणि गोळ्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत लांबवायच्या नसतात. त्या कोणताही डॉक्टर लगेच लिहून देऊ शकतो.