‘स्वतः करून बघत जा’ : तळलेल्या कांद्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “काकू, तुमचं वाचून एक किलो कांदा तळला. तिसऱ्या दिवशी बरणीत सगळा लिबलिबीत. मंद आचेवर तळायला सांगता तिथेच चुकतंय. हॉटेलात मोठ्या आचेवर झटपट तळतात म्हणून तो कुरकुरीत राहतो. मीठ लावून पिळून घ्यायचं, तेही लिहिलेलं नाही. प्रमाणही ‘पाच-सहा मोठे कांदे’, वजनाचा पत्ता नाही. झाकण मी कांदा काढल्या काढल्या घट्ट लावलं होतं, तेव्हा हवा लागली असंही म्हणू नका. लिहिण्याआधी एकदा स्वतः करून बघत जा. तेल आणि गॅस फुकट येत नाही.”

उत्तर :

नमस्कार. काकू म्हटलंत ते चालेल, वय झालंच आहे. पण ‘स्वतः करून बघत जा’ हे वाक्य लिहिताना आपण कोणाला काय म्हणतो आहोत याचा क्षणभर विचार केला असतात तर बरं झालं असतं. प्रश्न विचारायला माझी कधीच हरकत नसते. ‘माझा कांदा मऊ पडला, कुठे चुकलं असेल?’ असं विचारलं असतंत तर याच माहितीचं उत्तर चार ओळींत आणि हसतमुखानं मिळालं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, थेट निकाल दिलात.

वजनाचं मान्य. पाच-सहा मोठे कांदे म्हणजे कोणाकडे सातशे ग्रॅम, कोणाकडे सव्वा किलो. वजन लिहायला हवं होतं, मूळ लेखात ते आज घातलं आहे. सोलून चिरलेला एक किलो कांदा तळून साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरतो. हा आकडा तुम्हालाही कामाचा आहे, कारण किलोभर कांद्यात साडेआठशे ग्रॅमच्या वर नुसतं पाणी असतं. ते जाऊन जागी थोडं तेल येतं, म्हणून वजन एवढं उतरतं. तुमचा कांदा तळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरला असेल, तर बरणीत भरला तेव्हाच तो ओला होता. दिसत नव्हता इतकंच.

आता ते हॉटेल.

माझ्या माहेरी लग्नकार्याच्या जेवणाचा धंदा होता. लहानपणापासून मी वडिलांच्या भटारखान्यात वाढले आणि बिर्याणीचा कांदा तळणाऱ्या उस्तादांच्या शेजारी बसून कांदे सोलले. त्यामुळे ‘हॉटेलात असं करतात’ हे मला कोणी सांगू नये असं मला वाटतं. हो, तिथे आच मोठी असते, भट्टी धडधडत असते. पण तिथली कढई केवढी, तेल किती आणि एका वेळी कांदा किती पडतो, हे तुम्ही पाहिलं आहे का? एवढा ओला कांदा पडला की तेल एकदम थंडावतं. भट्टी मोठी ठेवतात ती त्या थंडावलेल्या तेलाला पुन्हा वर आणायला, कांदा झटपट लाल करायला नव्हे. फेस बसू लागला की तोच उस्ताद चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढायचा. तुम्ही धडधडणारी भट्टी पाहिलीत, बाहेर ओढलेली लाकडं पाहिली नाहीत. शिवाय हॉटेलातला कांदा त्याच दिवशी बिर्याणीत जातो. तो तिसऱ्या दिवशी बरणीत कसा राहील याची चिंता तिथे कोणाला नसते.

आणि मी लेखात ‘आच मंद करा’ लिहिलं आहे ते रंग चढू लागल्यावर. पहिल्यापासून मंद ठेवा असं मी लिहिलेलं नाही. ते तुम्ही वाचलंत. पहिल्यापासून मंद ठेवली तर कांदा तळला जात नाही, तेलात शिजतो आणि तेल पितो, हे मलाही कळतं.

मोठ्या आचेनं होतं काय, ते नीट सांगते, कारण पुष्कळांची गल्लत इथेच होते. कांद्यात साखर भरपूर असते आणि कडक तापलेल्या तेलात ती फार लवकर रंग धरते. कापाच्या कडा तपकिरी होतात, सुगंध सुटतो, आपल्याला वाटतं झालं. पण कापाच्या मध्ये, जाड बाजूला, पाणी तसंच असतं. आणखी ठेवावा तर कडा करपून कडू होतात, म्हणून आपण घाईनं काढतो. गार झाल्यावर कडा छान वाजतात, खाऊन बघणारा खूश. मग बरणीत रात्रभरात मधलं पाणी कडेकडे सरकतं, एका कापातून दुसऱ्यात जातं आणि सगळी बरणी सारखी मऊ होते. तुम्ही म्हणता तसा ‘लिबलिबीत’ कांदा होतो तो असा. बाहेरची हवा त्यात नंतर येते.

म्हणून रंगाकडे बघून कांदा काढू नका, बुडबुड्यांकडे बघा. एक किलो कांद्याला घरच्या कढईत एक लिटर तेल घ्या आणि एका वेळी पाव किलोच टाका. चार घाणे काढायचे. कंटाळवाणं आहे, पण तुमचा किलोभर कांदा बहुधा एकदम पडला असावा. तेल मध्यम कडक हवं. एक काप टाकला की तो लगेच फसफसत वर यावा, पण जागच्या जागी लाल होऊ नये. मिठाईचा थर्मामीटर असेल तर १६० ते १७० अंश. कांदा पडल्यावर भसाभसा फेस येतो आणि मोठा आवाज होतो. तो पाण्याचा आवाज. तेव्हा आच मोठीच ठेवा आणि झाऱ्यानं सतत हलवा. पाच-सहा मिनिटांनी बुडबुडे लहान होतात, आवाज उतरतो, कांदा आक्रसून पिवळसर दिसतो. इथे आच मध्यमाहून खाली आणा. यापुढे घाई करायची नाही. रंग हळूहळू चढू द्यायचा आणि त्या वेळात आतलं पाणी जाऊ द्यायचं. बुडबुडे जवळजवळ थांबले आणि कांदा फिकट बदामी झाला की झाऱ्यावर उचला. हलका लागतो, झारा हलवला तर कोरडा खुळखुळतो. गडद तपकिरी होईपर्यंत थांबू नका, तेलाबाहेर काढल्यावरही तो एक-दोन छटा गडद होतो.

तेलातून काढलेला कांदा मऊच असतो. कुरकुरीतपणा येतो तो गार होताना, त्यातली साखर कडक झाली की. त्यामुळे गरम काप चाखून काही ठरवता येत नाही. जाळीवर किंवा टिपकागदावर एका थरात पसरा, दोन काट्यांनी मोकळा करा, पंखा लावा. पाच मिनिटांनी मुद्दाम सगळ्यात जाड काप शोधून मोडा. कट्कन तुटला तर ठीक. वाकला, तर तो घाणा पुन्हा मंद तेलात अर्धा-एक मिनिट सोडा. पातळ काप मोडून स्वतःची समजूत घालू नका.

जाड काप येतात कुठून? बुडाकडून. कांदा उभा अर्धा करून तसाच चिरला की मुळाकडच्या गड्ड्याला पाकळ्या चिकटून राहतात. चार-पाच पाकळ्यांचा तो जुडगा तळल्यावर बाहेरून अगदी इतरांसारखाच दिसतो, पण बोटांनी दाबला तर मधून ओलसर लागतो. असे पाच-सहा जुडगे अख्ख्या बरणीला पुरतात. अर्धा केल्यावर बुडाला इंग्रजी व्हीसारखी खाच मारून तो गड्डा काढून टाका, मग उभे, दीड-दोन मिलिमीटरचे काप करा आणि हातानं मोकळे करून पंचावर अर्धा तास पसरा. सगळे काप सारखे हवेत. थोडे जाड पण सारखे चालतील, काही पातळ काही जाड हे मुळीच नको. आणि कांदा कुठला घेतलात ते तुम्ही सांगितलेलंच नाही. हिवाळ्यात येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो, त्याला वेळ जास्त लागतो. चाळीत टिकणारा उन्हाळी कांदा या कामाला बरा.

मिठाचं एका वाक्यात संपवते. पिळून पाणी निघतं हे खरं, पण काप मोडतात, थोडं मीठ आत राहतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून साठवणीच्या कांद्याला मी ते लावत नाही. तुम्हाला लावायचं असेल तर खुशाल लावा.

आता झाकण. हे तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलं आहे, म्हणून मला जरा हसू आलं, माफ करा. काढल्या काढल्या झाकण लावलंत! गरम कांद्याची वाफ जाणार कुठे? झाकणाला आतून धरणार आणि पाणी होऊन पुन्हा कांद्यावरच पडणार. बरणी उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं असतंत तर कळलं असतं. कांदा पूर्ण गार होऊ द्या, हाताला किंचितही कोमट लागता कामा नये. पण दिवसभर उघडाही ठेवू नका. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तो तासा-दोन तासांत हवेतली ओल धरतो, तेव्हा गार झाला की लगेच भरा.

एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बाटल्या भरा, गळ्यापर्यंत, म्हणजे रोज उघडली जाते ती एकच. शेगडीजवळ ठेवू नका आणि रश्श्याच्या वाफेवर बाटली धरून कांदा ओतू नका, हे तर मी अनेक घरांत पाहते. चमचा कोरडा. अशा बाटल्या कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे छान राहतात. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीझर. तिथे तो गोठून दगड होत नाही, कारण गोठायला पाणीच उरलेलं नसतं. फक्त हवा तेवढा काढून बाटली लगेच आत ठेवा. थंड बाटली ओट्यावर उघडी राहिली की आत दव धरतं.

राहिला तुमचा तो मऊ पडलेला कांदा. फेकला नसेल तर आधी हुंगून बघा. जुन्या तेलासारखा खवट वास येत असेल तर टाकून द्या, त्याला इलाज नाही. वास ठीक असेल तर ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १०० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परता आणि गार करून मग मोडून बघा. कट्कन तुटले ते काप बिर्याणीवर घाला. जे अजून वाकतात ते बुडाकडचे जुडगे, ते वाटून रश्श्यात जातील. आणि तो कांद्याचा वास लागलेला तेलाचा साठा गाळून ठेवला असेल तर तो रश्श्याच्या फोडणीला वापरा, म्हणजे तेल आणि गॅस फुकट गेल्याचं दुःख थोडं कमी होईल.