घड्याळवाला फोटो

चोवीस वर्षं भोसरीत क्वालिटी खात्यात काढली आणि परवा रविवारी कोथरूडला बहिणीच्या घरी एका फोटोपायी माझी पार शोभा झाली, अजून डोक्यातनं जात नाहीये.

भाची डिप्लोमाला आहे. "मामा, तीन फोटो आहेत, नावं सांग." पहिला व्हर्नियर कॅलिपर, दुसरा मायक्रोमीटर, तोही मी पोहे खाता खाता सांगितला. शेजारचे काका, बँकेतनं रिटायर, पेपर मागायला आलेले ते बसलेच. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हा पाना आहे."

"काका, मायक्रोमीटर आहे तो. शाळेत स्क्रू गेज म्हणायचे ना, तोच."

"मग स्क्रू फिरवायचाच की. म्हणजे पाना."

यावर बोलायचं काय? चोवीस वर्षांत कुणी मायक्रोमीटरला पाना म्हणालं नव्हतं. हां, एका हेल्परने त्याच्यात पट्टी धरून वाकवली होती, पण तोही नाव नीट घ्यायचा.

तिसरा फोटो. गोल डायल, काटा, खालचा भाग कापलेला. मी लगेच "डायल गेज!" काका म्हणाले, "हे तर घड्याळ." मी ठोकलेलं उत्तरही चूक. बरोबर उत्तर, डायल बोअर गेज. "बोअर?" काका खूश. "मग मामांच्याच लायनीतलं."

आता राग कशाचा येतो सांगतो. गोल डायल बघून नाव ठरतच नाही. तीच तबकडी डायल कॅलिपरवर असते, थिकनेस गेजवर असते. बघायचं असतं ते जॉबला, म्हणजे मोजायच्या पार्टला, टेकतं कुठे. स्टँडवर बसवून खाली एकच प्लंजर असेल तर डायल गेज. डायलखाली लांब नळी, मधे धरायला जाड काळी मूठ आणि टोकाला आडवी टोकं असतील तर बोअर गेज, भोकात घालायचं. आणि नुसतं घालून साइज कळत नाही! ५० मिलिमीटरचं भोक असेल तर आधी मायक्रोमीटर ५०.०० वर लॉक करा, त्यात गेज धरून शून्य लावा, मग भोकात घालून हलकं मागंपुढं डोलवा, काटा जिथनं उलटा फिरतो तोच आकडा धरायचा. डोलवलं नाही तर गेज तिरकं बसतं आणि भोक उगाच मोठं दिसतं. फोटोत हे कुठनं कळणार? मूठच कापली होती हो!

भाची म्हणे, "लॅबला कुलूप असतं मामा, हत्यारं हरवतात म्हणून." फी मात्र पूर्ण घेतात. पोरं चार वर्षांनी माझ्याकडेच येणार, बोअर गेजनं टेबल ठोकायला.

निघताना काका दारात, अगदी मनापासून, "अहो तो पाना मिळेल का हो तुमच्याकडे? आमचा नळ गळतोय."